ब्लॅक टाय, कॉकटेल, स्मार्ट कॅज्युअल: कार्डावरचे दोन शब्द आणि त्यामागचे कपडे

मागच्या नोव्हेंबरमध्ये माझ्या भाच्याचा फोन आला, इकडे इंग्लंडमध्येच नोकरीला लागलाय, वर्षही झालं नव्हतं तेव्हा. "मावशी, ऑफिसचं ॲन्युअल डिनर आहे आणि कार्डावर ब्लॅक टाय लिहिलंय, माझ्याकडे काळा टाय आहे आणि ताईच्या लग्नात पुण्यात शिवलेला काळा सूटही आहे, म्हणजे झालं ना?" मी म्हटलं थांब बाबा, काहीच झालं नाहीये अजून.

कारण नेमकं हेच सोळा वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याचं झालं होतं. काळा सूट, पांढरा शर्ट, लांब काळा टाय घालून तो ऑफिसच्या डिनरला गेला आणि एका वयस्कर सहकाऱ्याने त्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? इकडे काळ्या सूटवर लांब काळा टाय म्हणजे अंत्यविधीचा पोशाख. त्या माणसाने काळजीपोटीच विचारलं होतं, पण नवऱ्याला ती संध्याकाळ फार जड गेली. तेव्हापासून ही भाषा मी नीट शिकून घेतली, आणि भाच्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ड्रेस कोडचे शब्द म्हणजे "छान दिसा", "थोडं साधं चालेल" अशा मोघम सूचना नाहीत. प्रत्येक शब्दाच्या मागे ठरावीक कपड्यांची यादी आहे, आणि सगळ्यात कडक यादी पाठ केली की बाकीच्या समजायला सोप्या जातात, कारण खालच्या पायरीवर येताना एकेक वस्तू कमी होते किंवा बदलते. म्हणून सुरुवात ब्लॅक टायपासूनच करू.

कार्ड आधी पूर्ण वाचा

भाच्याच्या कार्डावर तीन गोष्टी होत्या. "७ फॉर ७.३०" म्हणजे सातपासून या, हातात ग्लास घेऊन गप्पा मारा, आणि साडेसातला जेवायला बसायचंय, तेव्हा साडेसातला पोचणं म्हणजे उशीर. "कॅरेजेस ॲट मिडनाइट" म्हणजे बाराला कार्यक्रम संपतो, टॅक्सी तेव्हाची सांगा (जुन्या काळी घोडागाड्या दाराशी यायच्या त्याची आठवण). आणि तिसरं ब्लॅक टाय. वेळ बघायची ती यासाठी की ब्लॅक टाय हा संध्याकाळचा पोशाख आहे, साधारण सहानंतरचा. दुपारच्या लग्नाला कोणी ब्लॅक टाय लिहिलं तर यजमानांना विचारून घ्या, कारण इकडे दिवसाच्या औपचारिक लग्नाचा कोट वेगळाच असतो.

ब्लॅक टाय: डोक्यापासून पायापर्यंत

ब्लॅक टायमधला टाय म्हणजे बो. हा पोशाख सुरू झाला तोच मुळी थोडं मोकळं होण्यासाठी. त्याआधी श्रीमंत घरांत रात्रीच्या जेवणाला मागे शेपट्या असलेला कोट आणि पांढरा बो असायचा, त्याला व्हाइट टाय म्हणतात, स्टॉकहोमच्या नोबेल समारंभात आजही तोच दिसतो. १८६५ मध्ये लंडनच्या हेन्री पूल या शिंप्यांनी प्रिन्स ऑफ वेल्ससाठी बिनशेपटीचा आखूड कोट शिवला, घरच्या जेवणासाठी. पुढे १८८६ च्या सुमारास तो न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्कमध्ये पोचला आणि अमेरिकेत त्याचं नाव टक्सिडो पडलं. इंग्लंडमध्ये मात्र अजून डिनर जॅकेटच म्हणतात, दुकानात तेच नाव वापरा.

आता भाच्याच्या काळ्या सूटला काय झालं होतं? व्हिडिओ कॉलवर मी त्याला कोट कॅमेऱ्याजवळ धरायला सांगितला. लेपल म्हणजे कोटाची छातीवर वळलेली पट्टी, ती त्याच्या कोटाच्याच कापडाची होती, डिनर जॅकेटच्या लेपलवर रेशमी कापड लागतं, सॅटिनचं चमकदार किंवा ग्रोग्रेनचं बारीक रेघांचं. त्याच्या कोटाच्या खिशांना झाकणं होती, डिनर जॅकेटला नसतात, नुसती चीर आणि बारीक पट्टी. त्याची दोन बटणं प्लॅस्टिकची, इथे बहुतेक एकच आणि कापडाने मढवलेलं. पँटला बेल्टचे लूप होते, डिनर जॅकेटच्या पँटला लूप नसतात, आणि बाहेरच्या शिवणीवर कमरेपासून खालपर्यंत लेपलच्याच रेशमाची एक पट्टी असते. "सॅटिन लावून घेतो ना शिंप्याकडून", तो म्हणाला. लावता येईल, पण खिसे, बटणं, पँटची कंबर सगळं बदलावं लागेल आणि एवढं करून तो सूट लग्नाकार्याला घालायच्या लायकीचाही राहणार नाही. वर्षातून एकदाच लागणार असेल तर भाड्याने घ्या. दोन-तीनदा लागायला लागला की मग शिवा.

रंग काळा किंवा मिडनाइट ब्लू. हा निळा इतका गडद असतो की दिव्याच्या उजेडात तो काळ्यापेक्षा काळा दिसतो, कारण काळं कापड पिवळ्या उजेडात कधी कधी हिरवट मारतं. उष्ण प्रदेशात हस्तिदंती रंगाचं जॅकेट चालतं, पण ते उन्हाळ्यासाठी, नोव्हेंबरमधल्या इंग्लंडसाठी नाही.

शर्ट पांढरा, पण ऑफिसचा नाही. समोरच्या भागाला जाड मार्सेलाचं कापड असतं, हात लावला तर बारीक खड्डे जाणवतात, किंवा मग उभ्या चुण्या असतात. वरची तीन-चार बटणं काढता येतात आणि तिथे काळे नाहीतर सोनेरी स्टड लावायचे. कॉलर साधी, खाली वळलेली (उभ्या टोकांची विंग कॉलर दुकानदार दाखवतात, पण ती व्हाइट टायची आहे आणि भाड्याच्या सेटमध्ये फार बेंगरूळ बसते, नको म्हणा). बाहीचा कफ दुहेरी दुमडलेला असतो, त्याला बटण नसतं, तेव्हा कफलिंक्स विसरलात तर बाही उघडीच राहणार.

कमरेला कमरबंद. हो, आपलाच शब्द आहे, फारसीतून आलेला, इंग्रज अधिकाऱ्यांनी हिंदुस्थानात उचलला आणि कमरबंड करून घरी नेला. त्याच्या चुण्यांची तोंडं वर असतात, आणि हे उलटं बांधलेलं मी दर डिनरला दोघातिघांचं तरी बघते. कमरबंद नसेल तर खोल गळ्याचा काळा वेस्टकोट घाला, दोन्ही एकदम नाही. यातलं एक का लागतं ते सांगते: जॅकेटचं एक बटण लावलं की त्याच्या खाली शर्टचा पांढरा त्रिकोण दिसतो आणि पँटची कंबरही दिसते, ते झाकायला. बेल्ट अजिबात नाही, पँट धरायला आत ब्रेसेस, म्हणजे खांद्यावरून जाणारे पट्टे.

पायात काळे लेसचे साधे बूट, चकचकीत पेटंट लेदरचे असले तर उत्तमच, नाहीतर आरशासारखे पॉलिश केलेले. नक्षीची भोकं असलेले नकोत. मोजे काळे आणि पोटरीपर्यंत लांब, बसल्यावर पायाची कातडी दिसली नाही पाहिजे.

बो बांधायचा कसा

आधीच बांधून शिवलेला, मागे हुक असलेला बो मिळतो आणि तो चालतोही, पण बांधलेला बो किंचित वाकडा बसतो आणि तेच त्याचं सौंदर्य आहे. लोक घाबरतात, पण खरं म्हणजे ती बुटाच्या लेसचीच गाठ आहे, फक्त गळ्याला आणि रुंद कापडाची. विश्वास बसत नसेल तर आधी मांडीवर बांधून बघा, भाच्याला मी तसंच शिकवलं, गुडघ्याच्या वर गुंडाळून.

मागच्या पट्टीवर गळ्याचं माप असतं, ते शर्टच्या कॉलरच्या मापाला लावा. बो गळ्यात घालताना एक टोक दुसऱ्यापेक्षा दीड इंच लांब ठेवा. लांब टोक आखूड टोकावरून फिरवून खालून वर काढा, गळ्याशी साधी गाठ पडेल. आता आखूड टोक त्याच्या रुंद भागापाशी आडवं दुमडा, झाला बोचा पुढचा आकार, तो एका हाताने आडवा धरून ठेवा. लांब टोक त्याच्या बरोबर मधोमध समोरून खाली सोडा. मग तेच लांब टोक दुमडून त्याचा लूप करा आणि धरलेल्या बोच्या मागे जी फट तयार झालीय तिच्यातून ढकला. पाच-सात वेळा फसणारच ही पायरी, फट सापडत नाही, कारण आपण आधीची गाठ फार आवळलेली असते, ती जरा सैल ठेवा. शेवटी घट्ट करताना नुसती टोकं ओढलीत तर लेससारखी सगळी गाठ सुटेल, दोन्ही बाजूंचे दुमडलेले लूप धरून ओढा. बोची रुंदी चेहऱ्यापेक्षा जास्त दिसायला नको.

भाड्याने घेताना माप

भाच्याला मी सांगितलं की छाती, कंबर, गळा आणि पायाची आतली लांबी मोजून घे, आणि कपडे डिनरच्या आदल्या दिवशी नाही, तीन-चार दिवस आधी हातात येतील असं बघ. घरी आल्या आल्या सगळे एकदम घालून बघायचं. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाशी संपली पाहिजे, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण बाकी सगळं शिंपी दुरुस्त करू शकतो पण खांदा नाही. मानेमागे जॅकेटची कॉलर शर्टला चिकटून हवी, फट दिसली तर जॅकेट मोठंय. बटण लावल्यावर पोटावर फुलीसारख्या घड्या आल्या तर लहानय. बाहीतून शर्टचा कफ अर्धा इंच बाहेर दिसावा. मग खुर्चीत बसा, हात वर करा, आणि आरशात बघा की कमरबंद आणि पँटच्या मधून शर्ट डोकावतोय का. भाच्याचा डोकावत होता, कारण पँट तो जीन्ससारखी कमरेखाली घालत होता. ही पँट बेंबीच्या जवळ बसते. पट्टे आखडून वर घेतल्यावर लगेच नीट झालं.

त्याच्या पहिल्या सेटची बाही दीड इंच लांब निघाली, शर्टचा कफ दिसतच नव्हता. तीन दिवस हातात होते म्हणून दुकानाने "शॉर्ट" मापाचं जॅकेट बदलून दिलं. जॅकेटच्या छातीच्या आकड्यापुढे शॉर्ट, रेग्युलर, लाँग असं लिहिलेलं असतं, ते उंचीप्रमाणे असतं, आणि आपल्याकडच्या पाच फूट सहा इंच उंचीच्या मुलांना बऱ्याचदा शॉर्टच लागतं. हे मागताना लाजू नका.

एक पायरी खाली: ब्लॅक टाय ऑप्शनल आणि लाउंज सूट

ब्लॅक टाय ऑप्शनल लिहिलं असेल तर डिनर जॅकेट घाला किंवा गडद सूट, पांढरा शर्ट आणि लांब टाय. इथे भाच्याचा पुण्याचा सूट चालला असता, फक्त टाय काळा नको, गडद मरून किंवा निळा घ्यायचा.

लाउंज सूट या शब्दाने मात्र आपली खूप माणसं फसतात. लाउंज म्हटलं की वाटतं आरामात या, सोफ्यावर बसायचंय. पण ब्रिटिश कार्डावर लाउंज सूट म्हणजे आपला नेहमीचा ऑफिसचा सूट, जॅकेट आणि पँट एकाच कापडाची, आणि टाय. इकडच्या लग्नांच्या कार्डावर हे सर्रास असतं. टी-शर्टवर ब्लेझर घालून आलेला एक मुलगा मी पाहिलाय, बिचारा पूर्ण वेळ मागच्या रांगेत उभा होता.

कॉकटेल

पुरुषांसाठी कॉकटेल म्हणजे गडद सूटच, नेव्ही किंवा चारकोल, पण इथे सूट थोडा बोलू शकतो. टायचा रंग, खिशातला रुमाल, शर्टवर बारीक टेक्श्चर, मखमली जॅकेटसुद्धा चालतं. टाय बऱ्याच ठिकाणी नसला तरी चालतो, माझा सल्ला आहे की घालून जा, तिथे कोणीच घातला नसेल तर काढून खिशात ठेवता येतो, उलटं करता येत नाही. बूट लेदरचेच.

बायकांसाठी या पायऱ्यांमधला मुख्य फरक लांबीचा आहे. ब्लॅक टाय म्हणजे जमिनीपर्यंतचा गाऊन. कॉकटेल म्हणजे गुडघ्यापर्यंत किंवा पोटरीच्या मध्यापर्यंतचा ड्रेस, पण कापड संध्याकाळचं, म्हणजे सिल्क, क्रेप, लेस, सॅटिन. तोच आकार कॉटनच्या फुलाफुलांच्या कापडात असेल तर तो दिवसाचा ड्रेस झाला.

पुण्या-मुंबईत लग्नपत्रिकेवर कॉकटेल असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. तिथे कॉकटेल हे एका संध्याकाळच्या कार्यक्रमाचं नाव आहे, संगीतच्या आगेमागे असतो तो, आणि लोक चमचमता गाऊन, लेहंगा, इंडो-वेस्टर्न काहीही घालतात. तिथे साध्या नेव्ही सूटमध्ये गेलात तर वऱ्हाडात तुम्हीच फिके दिसाल.

साडी आणि बंदगळा

आता माझा आवडता भाग. साडी जमिनीपर्यंतच असते, म्हणून ब्लॅक टायला ती आपोआप बसते, प्रश्न फक्त कापडाचा. ब्लॅक टायला मी पैठणी नेसते, गडद जांभळी, आणि तिचा पदर मेजावरच्या मेणबत्तीच्या उजेडात असा दिसतो की शेजारची बाई जेवायचं सोडून मोरांबद्दल विचारते. कांजीवरमही तसंच. कॉकटेलला मात्र एवढे रुंद काठ लग्नघरचे वाटतात, तिथे शिफॉन, क्रेप किंवा बारीक काठाची माहेश्वरी. स्मार्ट कॅज्युअलला हातमागाची कॉटन किंवा चांगला कुर्ता आणि पँट.

साडीच्या दोन गोष्टी अनुभवातून. जमिनीला टेकणारी निरी आणि इकडचा ओला फुटपाथ यांचं जमत नाही, म्हणून टाचांचे सँडल पायात घालूनच साडी नेसा, लांबी तेव्हाच बरोबर येते. आणि दुसरं, इकडच्या लग्नाला पाहुण्या म्हणून जाताना पांढरी किंवा क्रीम साडी नको, कितीही सुंदर काठ असले तरी, तो रंग नवरीचा आहे.

पुरुषांनी "ब्लॅक टाय ऑर नॅशनल ड्रेस" असं वाचलं तर बंदगळा बिनधास्त घालावा. काळा किंवा गडद निळा, त्याच कापडाची पँट, आत पांढऱ्या शर्टची उभी कॉलर जेमतेम रेघेइतकी दिसावी, गळ्याचा हुक लावलेला, पायात काळे पॉलिशचे बूट. जरदोसीची शेरवानी नको, ती नवरदेवाची. कार्डावर नुसतंच ब्लॅक टाय असेल तर बंदगळा बहुतेक ठिकाणी आदराने घेतात, पण आयोजकांना एका ओळीचा मेल टाकून विचारलेलं बरं, उत्तर लगेच येतं.

स्मार्ट कॅज्युअल

हा शब्द सगळ्यात वाईट, कारण दोन शब्द एकमेकांना विरुद्ध दिशेला ओढतात. मी असं सांगते: जॅकेट आणि पँट एकाच कापडाची असेल तर तो सूट, आणि स्मार्ट कॅज्युअल सुरू होतं तेव्हा दोन्हीची कापडं वेगळी होतात. नेव्ही ब्लेझर, राखाडी किंवा खाकी पँट, कॉलरचा शर्ट, टाय नाही, ब्राऊन लोफर किंवा सुएडचे बूट आणि त्याच रंगाचा बेल्ट. सूटचं जॅकेट काढून जीन्सवर घातलं तर ते ओळखू येतं, कारण सूटचं कापड पातळ, गुळगुळीत असतं, तर ब्लेझरला थोडा खडबडीत विणीचा पोत असतो. त्यात सूटची जोडीही मोडते, जॅकेट आधी विटतं आणि पुढे पँटच्या रंगाला जुळत नाही.

जीन्स चालते का, हा प्रश्न मला सगळे विचारतात. गडद निळी, न फाटलेली, न उडालेल्या रंगाची जीन्स मित्रांच्या पार्टीला चालते. ऑफिसच्या वरिष्ठांनी बोलावलं असेल किंवा एखाद्या जुन्या क्लबमध्ये जेवण असेल तर नाही. मुंबईतल्या जुन्या क्लबांमध्येही दारातच बघतात, गोल गळ्याचा टी-शर्ट आणि उघडी चप्पल असेल तर आत सोडत नाहीत. जॅकेट काढल्यावर खाली काय राहतं ते बघा. शर्ट इस्त्रीचा, कॉलर ताठ, बूट बंद, तर पास.

बायकांना इथे सगळ्यात मोकळीक आहे, चांगल्या कापडाची पँट आणि सिल्कचा टॉप, किंवा मिडी ड्रेस. फक्त समारंभाची चमक, सिक्विन वगैरे, तेवढं ठेवून द्या.

डिनरच्या दिवशी

भाच्याने पाचला कपडे घालायला घेतले, कारण स्टड लावायलाच अर्धा तास जातो, आणि ते शर्ट अंगावर चढवण्याआधी लावायचे असतात हे त्याला शर्ट घातल्यावर आठवलं. क्रम असा ठेवा: स्टड शर्टमध्ये, मग शर्ट, मोजे, पँट, पट्टे, कफलिंक्स, कमरबंद, बो, बूट, आणि जॅकेट अगदी शेवटी, घराबाहेर पडताना. कफलिंक एका हाताने लावणं अवघड जातं म्हणून घरात दुसरं कोणी असेल तर मदत घ्या.

साडेसहाला त्याचा फोटो आला. बो डावीकडे किंचित कललेला, कमरबंदाच्या चुण्या वर, कफ अर्धा इंच. मी फक्त एवढंच लिहिलं की जॅकेटचं बटण बसताना उघड आणि उठताना लाव.

भाड्याचे कपडे सोमवारी परत द्यायचे होते. पॅक करण्याआधी सगळे खिसे तपासा, आणि स्टड व कफलिंक्स तुमचे स्वतःचे असतील तर शर्टमधून काढून घ्या, दोन्ही बाह्यांमधले. भाच्याची डाव्या बाहीतली राहिलीच होती, आणि पाकीट चिकटवल्यावर ते परत उघडावं लागलं.